लॉगिनच्या पीआरमध्ये डिफ वाचूनही चूक का निसटते?

प्रश्न: "टीममध्ये लॉगिन आणि परवानग्यांचे पीआर माझ्याकडे येतात. प्रत्येक ओळ वाचतो, टेस्ट हिरव्या असतात, तरी मंजुरी देताना हात अडखळतो. नेमके काय पाहावे?"

आपला हात अडखळतो हे बरेच आहे. माझा अडखळला नव्हता. नाशिकमध्ये आम्ही द्राक्ष निर्यातदारांच्या बिलांची एक्सप्रेसवर चालणारी प्रणाली सांभाळत होतो. लोड बॅलन्सर `/health` तपासायला जाई, तेव्हा त्याला लॉगिनअभावी 401 मिळे आणि तो सर्व्हर आजारी समजून बाजूला काढी. सहकाऱ्याने उपाय म्हणून ही एकच ओळ खाली सरकवली:

```js
app.use(requireLogin);
```

एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर ज्या क्रमाने नोंदवावे त्याच क्रमाने चालते, त्यामुळे या ओळीच्या वर राहिलेला प्रत्येक मार्ग लॉगिनविना उघडा पडतो. डिफमध्ये मला एक वजा ओळ आणि एक अधिक ओळ दिसली. गिट बदलाच्या आजूबाजूच्या तीनच ओळी दाखवते आणि दोन बदलांमध्ये सहाहून अधिक ओळी असल्या तर उरलेल्या झाकून टाकते. `/invoices` नेमका त्या झाकलेल्या ओळींत होता. मी दोन मिनिटांत मंजुरी दिली. पिंपळगाव बसवंतच्या एका हिशेबनिसाला ईमेलमधील दुव्यावरून लॉगिन न करता बिल उघडता आले, तेव्हा नऊ दिवस लोटले होते. खरा उपाय `/health` ची ओळ वर नेणे हा होता.

टेस्ट हिरव्या का राहिल्या? कारण आमची प्रत्येक टेस्ट आधी लॉगिन करीत असे. दार उघडते की नाही हे ती पाही, बंद राहते की नाही हे कोणीच पाहत नव्हते.

तेव्हापासून अशा पीआरसाठी मी `git diff -U40` वापरतो किंवा सरळ पूर्ण फाइल उघडतो, आणि नकाराची टेस्ट नसेल तर मंजुरी देत नाही. शाखा स्टेजिंगवर चढल्यावर कुकीशिवाय स्वतः विचारतो:

```
curl -i https://staging.example.com/invoices/1042
```

येथे 401 यायला हवा. मग दुसऱ्याच ग्राहकाची कुकी लावून तेच बिल मागावे. तेव्हा 403 किंवा 404 आला पाहिजे. 200 आला, तर लॉगिन तपासले जात आहे, पण बिल कोणाचे आहे हे तपासले जात नाही, आणि ही चूक पहिल्या विनंतीत कधीच दिसत नाही.

माझा अनुभव नोड आणि लहान टीमपुरता आहे. आपल्या चौकटीत क्रमाचे नियम वेगळे असू शकतात. जाता जाता एक: पीआरमध्ये गुप्त किल्ली दिसली आणि पुढच्या कमिटमध्ये ती पुसली, तरी इतिहासात ती राहतेच. आधी किल्ली बदलून घ्यावी, पीआरवर चर्चा नंतर.