पहिल्या प्रकरणात अकरा नावं

प्रश्न: एकत्र कुटुंबावर कादंबरी लिहितेय. पंधरा-सोळा पात्रं आहेत. पहिली दोन प्रकरणं वाचून मैत्रीण म्हणाली, 'कोण कोणाचं कोण तेच कळेना.' पात्रं कमी करायची नाहीत. मग काय करू?

उत्तर:

माझ्या कादंबरीची सुरुवात गणपती आणण्याच्या दिवशी होती. अख्खं घर एकदम दाखवायची सोय म्हणून तो दिवस निवडला आणि तिथेच फसलो. पहिल्या चार पानांत अकरा नावं! पण गोंधळ निव्वळ संख्येमुळे नव्हता. मधल्या भावाला आई 'दत्तू' म्हणे, वहिनी 'भाऊजी', बायको 'अहो', पुतणे 'अण्णाकाका' आणि निवेदनात तो दत्तात्रय. एका वाचकाने त्याचे तीन वेगळे पुरुष मोजले होते. आपल्या घरांत असंच बोलतात, त्यामुळे लिहिताना ते खटकत नाही.

मग निवेदनात एकच नाव ठेवलं, दत्तात्रय. पहिल्या प्रकरणात त्याला दोनच हाका ठेवल्या. 'दत्तू' नावाच्या जवळची, म्हणून आपोआप कळते. 'भाऊजी' मात्र अशी आणली:

दत्तात्रय शिडीवर चढला. "भाऊजी, आधी मेन स्विच बंद करा," सुलभा खालून ओरडली.

सुलभा त्याची वहिनी, हे इथे वेगळं सांगावं लागत नाही. मराठीत हाकेतच नातं असतं, फक्त ती हाक ऐकणारा माणूस त्याच क्षणी काहीतरी करताना दिसला पाहिजे. 'अण्णाकाका' मी तिसऱ्या प्रकरणापर्यंत लांबवला. तोवर दत्तात्रय वाचकाच्या ओळखीचा झालेला असतो, नवी हाक पचते.

गणपतीचा दिवस तसाच ठेवला, पण पहाटेपासून सुरू केला. स्वयंपाकघरात दोघी जावा, सुलभा आणि कुमुद. (कुमुद आधी सुनंदा होती आणि नणंद सुमन. तीन 'सु' एका घरात खरे असतात, कागदावर नकोत. सुमनची शैला केली.) मोदकांची उकड कोणी काढायची यावरून दोघींची कुरबुर. आतल्या खोलीतून सासूबाईंचा फक्त आवाज. थोरली कोण, सासूचा कल कुणाकडे, हे त्या भांडणातच येतं. मग माळ लावायला दत्तात्रय. प्रकरण संपेपर्यंत नावं तीनच. बाकीची माणसं घरात वावरतात, पण 'धाकटा दीर', 'मुंबईहून आलेली नणंद' एवढ्याच ओळखीवर. ज्याच्या करण्याने प्रसंगाला वळण लागतं, त्यालाच नाव. शैलाचं नाव दुसऱ्या प्रकरणात येतं, वाटणीचा विषय ती काढते तेव्हा.

सुरुवातीला वंशवृक्ष छापायचा मोह मलाही झाला होता. तो माझ्या वहीत राहू दिला. वाचक अजून कुणालाच ओळखत नसतो, तेव्हा त्याला ती नुसती नावांची यादी वाटते. शिवाय कोण कोणाशी लग्न करणार, हेही आधीच फुटतं.

तपासायला एक करा. मैत्रिणीने एकदा वाचलंय, म्हणून नव्या कुणाला तरी पहिलं प्रकरण द्या आणि दुसऱ्या दिवशी, पानं समोर नसताना, कोण कोण आठवतं ते विचारा. नाव विसरलं पण 'ती उकडीवरून भांडणारी धाकटी' आठवली, तर काळजी नाही. नाव आठवलं आणि त्या माणसाने काय केलं ते सांगता आलं नाही, तर ते नाव पुढच्या प्रकरणात ढकला.