‘लवचिक वेळ’ मागू नका, वार लिहा

प्रश्न : मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळच्या पार्टटाइम कामासाठी ईमेल लिहायचा आहे. ‘फ्लेक्सिबल टायमिंग हवे’ हे कसे लिहू, म्हणजे वाईट दिसणार नाही?

लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या दृष्टीने ती सोय असते, पण शिफ्ट लावणारा माणूस त्याचा अर्थ ‘हा कधी येईल याचा नेम नाही’ असा घेतो. त्याच्यासमोर आठवड्याचा तक्ता असतो, त्यातले काही चौकोन रिकामे असतात आणि तुमचे नाव त्यांपैकी कोणत्या चौकोनात लिहिता येईल एवढेच तो तुमच्या ईमेलमध्ये शोधत असतो.

तिसऱ्या सत्रात असताना मी एका दुकानाच्या बिलिंग काउंटरसाठी अर्ज केला होता. माझ्या मोठ्या भावाने तेव्हा शेजारी बसून सांगितले, “परीक्षेचे आत्ता काही लिहू नकोस, आधी काम पदरात पडू दे.” मी ‘कोणत्याही वेळी काम करण्यास तयार आहे’ असे लिहिले आणि काम मिळालेही. पाचव्या आठवड्यात परीक्षेचे वेळापत्रक हाती आले आणि मी एकदम बारा दिवसांची सुट्टी मागितली. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी ड्युटी चार्ट माझ्यापुढे सरकवला. पुढच्या दोन आठवड्यांच्या प्रत्येक संध्याकाळी माझे नाव शाईने लिहिलेले होते. त्या म्हणाल्या, “सुट्टीचे काही नाही रे, पण हा चार्ट लावण्याआधी का नाही सांगितलेस?” माझ्याकडे उत्तर नव्हते. परीक्षेनंतर मला परत बोलावले नाही आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

पुढचा अर्ज एका दवाखान्याच्या स्वागतकक्षासाठी होता. या वेळी ईमेल लिहिण्याआधी मी कॉलेजचे वेळापत्रक घेऊन बसलो. तास साडेचारला संपत होते आणि प्रवास चाळीस मिनिटांचा होता, म्हणजे कागदावर सव्वापाच जमले असते. मी साडेपाच धरले, कारण पहिल्याच आठवड्यात दोनदा उशीर झाला की पुढे लिहिलेल्या कोणत्याच वेळेवर कोणी विश्वास ठेवत नाही. बुधवारी प्रात्यक्षिक लांबत असे, म्हणून बुधवार सरळ वगळला. ईमेलचा मुख्य परिच्छेद मग असा झाला :

“मी सोमवार, मंगळवार, गुरुवार व शुक्रवार संध्याकाळी ५.३० ते ९ आणि शनिवारी दुपारी २ ते रात्री ८, म्हणजे आठवड्याला २० तास, नियमितपणे येऊ शकतो. बुधवारी प्रात्यक्षिक असल्याने येता येणार नाही. ३ ते १६ डिसेंबर या काळात माझी सत्र परीक्षा आहे. तेव्हा फक्त शनिवारी येईन. शनिवारची वेळ आपल्या गरजेनुसार मागेपुढे करता येईल. पुढील सत्राचे वेळापत्रक जाहीर होईल त्याच दिवशी आपणांस कळवीन.”

यात लवचिकता आहेच, पण ती मागितलेली नाही, देऊ केलेली आहे. नकारही आहे, पण तो एका वाराचा आणि कारणासह आहे. अनुभव, शिक्षण वगैरे मी याखाली दोन वाक्यांत संपवले होते. विषयाच्या ओळीत ‘नोकरीसाठी अर्ज’ असे न लिहिता ‘स्वागतकक्ष, संध्याकाळ : सोम, मंगळ, गुरु, शुक्र ५.३० पासून’ असे लिहिले, कारण मोबाइलवर इनबॉक्स पाहणाऱ्याला त्या ओळीचे सुरुवातीचे काही शब्दच दिसतात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जाहिरातीत ठरावीक शिफ्ट दिली असेल आणि ती तुम्हाला जमत नसेल, तर नंतर बोलून बघू या आशेवर अर्ज करू नका. वेळापत्रक अजून लागलेले नसेल, तर ते साधारण कधी लागेल तेवढे लिहा. अंदाजाने तारखा टाकू नका. परदेशात विद्यार्थी व्हिसावर असाल, तर कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असू शकते. ती पाहूनच आठवड्याचे तास लिहा. आणि हो, काही ठिकाणी परीक्षेचा उल्लेख वाचूनच अर्ज बाजूला पडतो, हे भावाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण तसे ठिकाण परीक्षेच्या आठवड्यातही तुम्हाला सोडणार नव्हतेच.

दवाखान्यात मी दोन वर्षे काम केले आणि शेवटच्या सहा महिन्यांत तिथला ड्युटी चार्ट मीच लावत असे. ते काम मला नशिबाने मिळाले, त्या आठवड्यात त्यांना माणूस हवाच होता, असे दादा आजही म्हणतो. हवा होता, हे खरे. मात्र पुढे तोच इनबॉक्स माझ्याकडे आला तेव्हा मी त्या आठवड्याचे ईमेल उघडून पाहिले. अकरा अर्ज आलेले होते आणि वार व वेळ लिहिलेला त्यांत एकच होता.