मडगाव, लिस्बन आणि ॲडलेड : एका कॉलची वेळ कशी ठरवायची?

प्रश्न : आम्ही मडगावला. भाऊ लिस्बनला, बहीण ऑस्ट्रेलियात ॲडलेडला. रविवारी तिघांनी एकत्र व्हिडिओ कॉल करायचा ठरतो, पण दर काही महिन्यांनी कोणीतरी तासभर आधी नाहीतर उशिरा येतं. त्यात अर्ध्या तासाचा घोळ. नक्की हिशेब कसा करायचा?

उत्तर : घोळ अर्ध्या तासामुळे दिसतो, पण तुमचा तास चुकतो तो घड्याळं बदलण्यामुळे. भारताची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे, आणि ती वर्षभर तशीच असते. बाकीच्या दोघांची बदलते. म्हणून कॉलची वेळ कायम गोव्याच्या घड्याळाने बांधा आणि त्या दोघांनी आपापली वेळ त्यावरून काढावी.

लिस्बन हिवाळ्यात यूटीसीइतकंच असतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. त्या काळात फरक साडेचार तासांचा. ॲडलेड मुळात यूटीसीच्या साडेनऊ तास पुढे. दोन्हीकडचे अर्धे तास एकमेकांत वजा होतात, त्यामुळे आपल्याशी फरक सरळ चार तासांचा पडतो. मात्र तिकडे उन्हाळा उलट्या महिन्यांत. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक पाच तासांचा होतो.

आता गोव्यात दुपारी १:३० धरा. जुलैत लिस्बनला सकाळचे ९ आणि ॲडलेडला संध्याकाळचे ५:३०. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबरला ॲडलेड बदलेल, तेव्हा बहिणीकडे ६:३० वाजलेले असतील, भावाकडे मात्र अजून ९च. २५ ऑक्टोबरला लिस्बन बदललं की भावाकडे ८, बहिणीकडे ६:३०. म्हणजे तीन आठवड्यांत दोघांमधला फरक साडेआठवरून साडेनऊ आणि मग साडेदहा तासांवर जातो. ‘आपल्यात साडेआठ तासांचा फरक’ हे भावा-बहिणीने पाठ करून ठेवलं असेल, तर चूक तिथेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये हेच उलट क्रमाने घडतं : आधी लिस्बन, मग ॲडलेड.

फोनमधल्या जागतिक घड्याळावर यासाठी विसंबू नका. ते आत्ताचा फरक दाखवतं, कॉलच्या दिवसाचा नव्हे. २० ऑक्टोबरला बघून २५ तारखेची वेळ कळवलीत तर लिस्बनची वेळ तासाने चुकेल. कॅलेंडरमध्ये तारखेसह नोंद करा, वेळेचं क्षेत्र `Asia/Kolkata` निवडा आणि दोघांना आमंत्रण पाठवा. त्यांच्या फोनवर त्या तारखेची स्थानिक वेळ आपोआप येईल. भावाने स्वतः नोंद केली तर त्याने `Europe/Lisbon` निवडावं, नुसतं `GMT` नव्हे. `GMT` वर्षभर स्थिर असतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा तास चुकेल.

तोंडी हिशेबात साडेचार तास वजा करण्याऐवजी पाच तास वजा करून अर्धा तास मिळवा. दुपारी १:१० मधून पाच गेले, ८:१०. अर्धा तास मिळवला, ८:४०. साडेपाचसाठी सहा वजा, अर्धा मिळवा : ७:४०. कॅल्क्युलेटरवर १३.१० वजा ५.३० केलं तर ७.८० येतं आणि काहीजण ते ८:२० समजतात. मिनिटं ३० किंवा त्याहून जास्त असली की कॅल्क्युलेटरचं उत्तर योगायोगाने बरोबर येतं, म्हणून ही चूक बरेच दिवस लक्षात येत नाही. दशांशानंतर ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर त्यातून ४० वजा करा.

काट्यांचं घड्याळ असेल तर ते उलटं धरा. भारताची वेळ उलटी वाचली की यूटीसी, म्हणजे हिवाळ्यातली लिस्बनची वेळ दिसते. मार्च ते ऑक्टोबर त्यात एक तास मिळवायचा. अंदाजाला हे छान चालतं. मात्र उलट्या घड्याळात तासकाटा खऱ्या जागेपेक्षा अर्धा तास मागे दिसतो, त्यामुळे मागचा तास की पुढचा, असा संभ्रम होतो, म्हणून वेळ पक्की करायला ते वापरू नका.

रात्रीच्या कॉलला तारीख सांभाळा. भाऊ जुलैत ‘शनिवारी रात्री ९’ म्हणाला तर ९ अधिक साडेचार, म्हणजे आपल्याकडे १:३०, आणि तो रविवार उजाडलेला असतो. आपण मात्र त्याला ‘शनिवारी रात्री दीड’ म्हणतो, आणि तोच निरोप बहिणीला गेला तर ती एक दिवस आधी तयार बसेल. ॲडलेडला तेव्हा रविवारचे पहाटेचे ५:३० असतील. निरोपात वार, तारीख, वेळ आणि गाव चारही लिहा : ‘रविवार २५ ऑक्टोबर, दुपारी १:३०, गोवा’.