बारकोडमध्ये किंमत नसते

बारकोडच्या पट्ट्यांत वस्तूची किंमत लिहिलेली असते का?

नाही. पाकिटावर दिसणाऱ्या नेहमीच्या बारकोडमध्ये फक्त एक क्रमांक असतो, बहुधा १३ अंकी. नाव आणि किंमत येते ती दुकानाच्या संगणकातल्या यादीतून. म्हणूनच स्कॅन केल्यावर कधी भलतीच किंमत दिसली, तर चूक पट्ट्यांत नव्हे, यादीत शोधावी.

शेवटचा अंक पडताळणीचा असतो. समजा पहिले बारा अंक १२३४५६७८९०१२ आहेत. एकाआड एक घेतलेल्या १, ३, ५, ७, ९, १ यांची बेरीज २६. उरलेल्यांची २२, तिची तिप्पट ६६. एकूण ९२. शंभराला आठ कमी, म्हणून तेरावा अंक ८. एखादा अंक चुकीचा वाचला गेला की हा हिशेब जुळत नाही. पण शेजारच्या १ आणि ६ची अदलाबदल झाली, तर चूक निसटते, कारण फरक पाचाचा असला की बेरीज बरोबर दहाने हलते.

क्यूआर कोड तिरका धरला तरी वाचला जातो, बारकोड मात्र अडतो. असं का?

क्यूआरच्या तीन कोपऱ्यांतल्या चौकटींमुळे. अशा चौकटीच्या मध्यातून कुठूनही आडवी-तिरकी रेघ मारा. काळे-पांढरे तुकडे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतात. फोन चित्रात हेच प्रमाण शोधतो. तीन चौकटी सापडल्या की चौकट नसलेला कोपरा कुठला ते कळतं, म्हणजे कोड कसा फिरलाय तेही कळतं. मग तिरकेपणा सरळ करून घरं काळी की पांढरी हे वाचलं जातं.

बारकोडमध्ये सगळी माहिती पट्ट्यांच्या जाडीत असते, आणि वाचणारी रेघ पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत जावी लागते. फोन फार जवळ नेला की चित्र धूसर होतं आणि बारीक पट्ट्या एकमेकींत मिसळतात. आपण मात्र हमखास फोन आणखी जवळ नेतो! उलट थोडं मागे येऊन झूम करा.

मराठी मजकूर घातला की क्यूआर कोड दाट होतो. माझं काही चुकतंय का?

काही नाही. सर्वांत लहान क्यूआर २१ × २१ घरांचा, त्यात जास्तीत जास्त १७ बाइट मजकूर मावतो. ‘नमस्कार’मध्ये हलन्त आणि काना धरून सात चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. झाले २१ बाइट. कोड २५ × २५वर गेला. सर्वांत मोठ्या, १७७ × १७७ कोडमध्ये २,९५३ बाइट बसतात, म्हणजे देवनागरीची ९८४ चिन्हं. लांब मजकुरासाठी छोटी लिंकच बरी.

मध्ये लोगो टाकला तरी चालतो, मग कडेची पांढरी जागा कापली तर?

नका कापू. दुरुस्तीसाठीचा जादा मजकूर आतल्या घरांत असतो, तो लोगोखाली झाकलेलं भरून काढतो. पण कोड सुरू कुठे होतो हे कळायला चारही बाजूंना चार घरांइतकी मोकळी जागा लागते. माझं एक स्टिकर छापखान्यात अगदी काठाला कापलं गेलं. पांढऱ्या कागदावर ते वाचलं जायचं, काळ्या डब्यावर चिकटवल्यावर बंद.