शीटमध्ये सहा, गोदामात शून्य

प्रश्न: मॅडम, मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरतच्या एका व्यापाऱ्याच्या कुर्त्या शॉपिफायवर विकते, माल जवळ ठेवत नाही. या महिन्यात पैसे घेतल्यावर तीनदा त्याने 'माल संपला' सांगितलं. आई म्हणते, हे सोड आणि सी.ए. कर. काय करू?

उत्तर: आधी त्याची स्टॉक शीट नीट बघ. प्रत्येक रंगापुढे, प्रत्येक साइजपुढे १०० किंवा ९९९ लिहिलं असेल तर ती मोजदाद नव्हे, नुसता भरलेला आकडा आहे. अशा व्यापाऱ्याचा माल दुकानात लावूच नकोस.

आकडे खरे असले तरी शीट शिळीच असते. ती सकाळी येते, आणि दिवसभर त्याच गठ्ठ्यातून तुझ्यासारखे इतर विक्रेतेही माल उचलतात. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शीट मागव आणि साइजनुसार फरक लिहून ठेव. समज, निळ्या कुर्तीचे एल साइजचे नग एका दिवशी ६ वरून २ वर आले, इतर दिवशी एक-दोनच कमी झाले. सर्वांत मोठी घट ४, तेवढे नग कायम हातचे राखायचे. शीटमधला आकडा B2 मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात असं लिही:

```
=MAX(0, B2-4)
```

दुकानात हाच आकडा टाक. शीटमध्ये ६ असतील तर गिऱ्हाइकाला २ दिसतील. ४ किंवा कमी असतील तर शून्य. मग प्रत्येक साइजसाठी शॉपिफायमधली "Continue selling when out of stock" ही खूण काढ. ती राहिली, तर शून्यावरही ऑर्डर येत राहते, आणि बरेच जण नेमकं हेच विसरतात. राखी आणि नवरात्रीआधी घट पुन्हा मोज, कारण तेव्हा माल भराभर उचलला जातो.

या हिशेबाने थोडी विक्री हुकेल. हुकू दे. पैसे परत करण्यात गेटवेचं शुल्क सहसा अंगावर पडतं, शिवाय जाहिरातीचा खर्च वाया जातो तो वेगळाच.

एक गोष्ट मात्र हिशेबात सापडत नाही: परत आलेले नग. डाग पडलेली, टॅग तुटलेली कुर्तीही काही व्यापारी पुन्हा शीटमध्ये चढवतात. त्यासाठी ऑर्डर आली की लगेच 'नग बाजूला काढून फोटो पाठवा' असा मेसेज टाक. फोटो आल्यावरच गिऱ्हाइकाला 'ऑर्डर पक्की' कळव. नग नसेल तर त्याच दिवशी फोन करून पैसे परत कर. न विचारता दुसरा रंग पाठवू नकोस.

एवढं करूनही नकार येत राहिले तर व्यापारी बदल. तू इंदूरलाच आहेस, एम.टी. क्लॉथ मार्केटमधला एखादा ठोक व्यापारी धर. आठवड्यातून एकदा जाऊन गठ्ठे डोळ्यांनी मोजता येतील.

आईंना सांग, बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर सी.ए. फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. तेव्हा आत्ताच एकाची निवड करायला नको. फक्त परीक्षेच्या महिन्यात सगळ्या साइज शून्यावर आण आणि जाहिरात थांबव.