वळणात झुकलेल्या बाईकवर जायरोस्कोपिक कपलचा परिणाम किती आणि कुठे?

प्रश्न: मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिअरी ऑफ मशीन्समध्ये सर म्हणाले की वळताना जायरोस्कोपिक कपल बाईकला बाहेरच्या बाजूला ढकलतं, म्हणून जास्त झुकावं लागतं. मित्र म्हणतो, याच कपलमुळे बाईक पडत नाही. खरं कोणाचं? आणि चाकांवर, फ्रेमवर याचा प्रत्यक्षात काय परिणाम होतो?

उत्तर:

दिशेच्या बाबतीत तुमचे सर बरोबर आहेत. मित्राचं म्हणणं वेगळ्या क्षणाबद्दल आहे, त्यात थोडं तथ्य आहे, पण ते सरांच्या विधानाच्या आड येत नाही. मी दुचाकीच्या चेसिसवर काम करतो. आमच्याकडे नव्याने येणारी मुलं हे सूत्र पाठ करून आलेली असतात, पण त्यात आकडे घालून पाहिलेले नसतात. आकडे घातले की सगळं स्पष्ट होतं, म्हणून तेच करू.

आधी दिशा. डावं वळण घ्या. चाक पुढे फिरतंय, म्हणून उजव्या हाताच्या नियमाने त्याचा कोनीय संवेग आसाच्या दिशेने डावीकडे दाखवतो. बाईक डावीकडे वळते तसा हा बाण डावीकडून मागच्या दिशेला सरकत जातो. म्हणजे चाकाला मागच्या दिशेचा टॉर्क मिळत राहिला पाहिजे, आणि मागच्या दिशेचा टॉर्क म्हणजे बाईकला डावीकडे झुकवणारा. तो पुरवायला वजनाशिवाय दुसरं कोणी नाही. चाकाची प्रतिक्रिया उलट, म्हणजे बाईकला उभं करणारी, आणि हेच जायरोस्कोपिक कपल. सेंट्रिफ्युगल कपलही तिकडेच ओढतं, म्हणून दोन्हींची बेरीज होते. समतोलाचं सूत्र असं:

```
m·g·h·sinθ = (v²/R)·[ m·h + (2·Iw + G·Ie)/r ]·cosθ
```

इथे m म्हणजे गाडी आणि चालकाचं मिळून वस्तुमान, g गुरुत्वत्वरण, h गुरुत्वमध्याची उंची, θ झुकाव, v वेग, R वळणाची त्रिज्या, r चाकाची त्रिज्या, Iw एका चाकाचा आणि Ie इंजिनच्या फिरत्या भागांचा जडत्व-आघूर्ण, आणि G म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात क्रँकचे होणारे फेरे. यात cosθ का येतो हे अनेकांना उमगत नाही. बाईक झुकली की चाकाचा आस आडवा राहत नाही, त्याचं एक टोक जमिनीकडे जातं. वळण मात्र उभ्या अक्षाभोवती होतंय. त्यामुळे कोनीय संवेगाचा फक्त आडवा हिस्साच कपल तयार करतो, आणि तो θ कोनात cosθ पट उरतो.

आता एक बाईक घेऊ. १५० किलोची गाडी, ७० किलोचा चालक, मिळून २२० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६ मीटरवर, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. टायर, रिम आणि डिस्क धरून एका चाकाचा जडत्व-आघूर्ण ०.५ किलो-मीटर वर्ग. इंजिनच्या फिरत्या भागांचा ०.०१, आणि चाक एकदा फिरताना क्रँक दहादा फिरतो असं समजा. वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. वळणाची त्रिज्या ४० मीटर.

चाकं सेकंदाला ५० रेडियनने फिरतायत आणि बाईक वळतेय ०.३७५ रेडियनने. cosθ बाजूला ठेवला तर दोन्ही चाकांचं मिळून कपल १८.७५ न्यूटन-मीटर येतं आणि इंजिनचं सुमारे १.९. एकूण साधारण २०.६. त्याच वळणात सेंट्रिफ्युगल कपल आहे ७४२ न्यूटन-मीटर! फक्त सेंट्रिफ्युगल धरलं तर झुकाव २९.८ अंश लागतो, जायरोस्कोपिक मिळवल्यावर ३०.५ अंश. फरक पाऊण अंशाहूनही कमी.

इथे एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. जायरोस्कोपिक कपल Cg आणि सेंट्रिफ्युगल कपल Cc यांचं गुणोत्तर काढा, v आणि R दोन्ही उडून जातात:

```
Cg / Cc = (2·Iw + G·Ie) / (m·h·r)
```

आपल्या बाईकसाठी हे सुमारे २.८ टक्के. गिअर तोच ठेवून वेग दुप्पट करा, वळण निम्म्या त्रिज्येचं घ्या, टक्का तोच राहतो. म्हणजे 'जास्त वेगाने वळताना जायरोस्कोपिक परिणामामुळे जास्त झुकावं लागतं' हे वाक्य दिशाभूल करणारं आहे. जास्त झुकावं लागतं ते मुख्यतः v²/R मुळे, आणि जायरोस्कोपिक वाटा त्याच प्रमाणात बरोबर वाढतो.

याहून मोठी दुरुस्ती पुस्तकातल्या गणितात सहसा नसतेच. टायर म्हणजे कागदासारखी पातळ चकती नव्हे. झुकल्यावर त्याचा जमिनीला टेकणारा बिंदू आतल्या बाजूला सरकतो. टायरच्या छेदाची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर धरली, तर याच वळणात त्यापायी सुमारे तीन अंश जास्त झुकावं लागतं, जायरोस्कोपिक परिणामाच्या चौपट. रुंद टायर बसवून घेणाऱ्यांना गाडी 'आळशी' वाटू लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग जायरोस्कोपिक कपल हाताला जाणवण्याइतकं कधी होतं? झुकाव बदलत असतो तेव्हा. ताम्हिणीत एका पाठोपाठ डावं-उजवं वळण येतं तो क्षण आठवा. ताशी ५४ वर तीस अंश डावीकडून तीस अंश उजवीकडे १.२ सेकंदात जायचंय असं समजा. झुकण्याची सरासरी गती सेकंदाला ०.८७ रेडियन. पुढच्या एकट्या चाकाचा कोनीय संवेग २५, म्हणून कपल जवळपास २२ न्यूटन-मीटर. आकडा मघाच्याच मापाचा आहे, पण आता दिशा बदलली: हे कपल चाकाला हँडलच्या अक्षाभोवती वळवायला बघतं. बाईक उजवीकडे झुकत असेल तर चाक उजवीकडे वळू पाहतं. फोर्क तिरका असल्याने त्यातले सुमारे २० न्यूटन-मीटर हँडलपर्यंत पोचतात. ७० सेंटिमीटर रुंद हँडलवर ते प्रत्येक हाताला तीन किलोच्या आसपास जोर झाला, एका हाताने ढकलायचा आणि दुसऱ्याने ओढायचा. झुकाव वेगाने चालू ठेवायचा तर चालकाला हँडल त्या कपलविरुद्ध धरून ठेवावं लागतं. इथे वेगाचा थेट संबंध आहे. वेग दुप्पट केला आणि तितक्याच झपाट्याने पालटायचं ठरवलं, तर हा जोरही दुप्पट. सिंहगडाच्या घाटात पंचविसच्या वेगात अंगाखाली सहज फिरणारी बाईक मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरला जड वाटते, ती यामुळेच.

तुमच्या मित्राचा मुद्दा इथेच बसतो. बाईक ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला हे कपल चाक वळवतं, आणि त्या वळण्याने टायर पुन्हा वजनाखाली येतात. तोल सावरायला ही मदत खरी आहे. पण सावरणारं बळ टायर आणि रस्ता यांच्यात तयार होतं, जायरोस्कोपिक कपल फक्त चाकाला योग्य दिशा देतं. शिवाय ते अनिवार्यही नाही. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी अशी सायकल दाखवली की जिच्यात उलटी फिरणारी जादा चाकं लावून जायरोस्कोपिक परिणाम रद्द केला होता, आणि ट्रेलही, म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो तिथून टायरचा टेकणारा बिंदू जितका मागे असतो ते अंतर, किंचित ऋण ठेवला होता. तरीही ती ठरावीक वेगात चालकाशिवाय तोल सांभाळत होती.

आता चाकं आणि फ्रेम. चारचाकीत हे कपल आतल्या आणि बाहेरच्या चाकांवरचं वजन बदलतं. बाईकची दोन्ही चाकं एका रेषेत, त्यामुळे वजन डावी-उजवीकडे हलायला जागाच नाही. कपलचं उत्तर झुकूनच द्यावं लागतं. चाकाच्या आत मात्र त्याचा हिशोब दिसतो. स्थिर वळणात एका चाकावर सुमारे ८ न्यूटन-मीटर येतात. चाकाच्या दोन बेअरिंगमध्ये १० सेंटिमीटर अंतर धरलं, तर एका बेअरिंगवर ८० न्यूटन वाढतात आणि दुसऱ्यावर तेवढेच घटतात. प्रत्येक बेअरिंग आधीच सहाशेच्या पुढे न्यूटन पेलतंय, तेव्हा हे किरकोळ. वळण पालटताना आकडा २२० वर जातो, पण पुढे-मागे, वजनाला काटकोनात. त्यामुळे एकूण भार पाच-सहा टक्केच वाढतो. चांगल्या बेअरिंगला याचं काही वाटत नाही.

मागच्या चाकाचं कपल कुठे जातं? त्याला पुढच्यासारखं मोकळेपणाने वळता येत नाही. ते मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मला आडवं पिळतं आणि पिव्होटच्या बुशमधून फ्रेममध्ये उतरतं. बुश झिजलेली असेल तर स्थिर वळणात काही कळत नाही, कारण झीज एका बाजूला दाबून बसलेली असते. वळण पालटताना कपलची दिशा फिरते, झीज दुसऱ्या बाजूला सरकते आणि मागचा भाग क्षणभर उशिरा आल्यासारखा वाटतो. तपासायचं असेल तर गाडी मेन स्टँडवर लावून स्विंग आर्मचं मागचं टोक दोन्ही बाजूंना हलवून बघा. टकटक जाणवली तर बुश गेली. चाक वरखाली धरून हलवल्यावर आसापाशी खेळ लागला, तर बेअरिंग.

फ्रेमला खरा त्रास वळणापेक्षा हँडल थरथरण्यात होतो. समजा पुढचं चाक सेकंदाला आठ वेळा, दोन अंश डावी-उजवीकडे हलतंय. त्याची कमाल गती १.७५ रेडियन प्रति सेकंद होते, आणि त्याच ५४ च्या वेगाला कपल ४४ न्यूटन-मीटर. म्हणजे वळण पालटण्याच्या दुप्पट, आणि दर सेकंदाला सोळा वेळा दिशा बदलणारं. ते फोर्कमधून स्टिअरिंग हेडला बाजूने पिळतं. म्हणून हातात थरथर आली की ती सवयीची करून घेऊ नका. टायरचा आकार बिघडलाय का, चाकाचं बॅलन्सिंग आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, ठीक आहेत का, ते बघा. कोनसेट फार घट्ट असेल किंवा मधोमध खाच पडली असेल तर उलट तक्रार येते: चाकाला झुकावाच्या दिशेने स्वतःहून वळता येत नाही आणि सरळ रस्त्यावरही बाईक भरकटत राहते.

इंजिनच्या चिन्हाकडे परीक्षेत लक्ष द्या. क्रँक चाकांच्या दिशेने फिरत असेल तर G·Ie मिळवायचं, उलट फिरत असेल तर वजा करायचं. यामाहाच्या एम१ सारख्या शर्यतीच्या बाईकमध्ये क्रँक मुद्दाम उलटा फिरवतात, कारण तिथे इंजिनचे फेरे इतके जास्त असतात की त्याचा वाटा आपल्या गणितासारखा दहाएक टक्क्यांवर थांबत नाही. क्रँक लांबीच्या दिशेने बसवलेला असेल, जसा बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनात असतो, तर हे सूत्र तसंच वापरू नका. तिथे वळताना इंजिनचं कपल बाईकला झुकवत नाही, तर तिचं नाक वर किंवा खाली करायला बघतं.