पेटंटचे क्लेम्स नंबर लावून वेगळे कसे पाडायचे?

प्रश्न: ठिबकच्या ऑटोमॅटिक व्हॉल्व्हचे क्लेम्स एकाच पॅरात आहेत, इंडिपेंडंट-डिपेंडंट कसे करू?

उत्तर: ज्याच्याशिवाय यंत्र चालणारच नाही तेवढंच इंडिपेंडंट क्लेम 1 मध्ये ठेवा, म्हणजे ओलावा मोजणारा सेन्सर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह आणि ते एकमेकांना कसे जोडलेत ते, बाकी सोलर पॅनेल, बॅटरी वगैरे खाली डिपेंडंटमध्ये, म्हणजे आधीच्या क्लेमला जोडलेल्या क्लेम्समध्ये, "अ‍ॅज क्लेम्ड इन क्लेम 1, व्हेअरइन" असं सुरू करून.

खरी गडबड शब्दांत होते. भाग पहिल्यांदा येतो तिथे "अ सेन्सर", पुढे कायम "द सेड सेन्सर", मध्येच "प्रोब" लिहिलंत तर एक्झामिनर विचारणारच की हा कुठून आला. बॅटरी क्लेम 3 मध्ये पहिल्यांदा आली आणि क्लेम 4 मध्ये "द सेड बॅटरी" असेल तर 4 हा 3 ला जोडा, 1 ला नाही.